आठ ओळींची चिठ्ठी

डिलाईल रोडवर एका बंद गिरणीच्या आवारात माझं ऑफिस होतं, तेव्हाची ही गोष्ट. साल २०१८. गिरणीची चिमणी पाडलेली, गेट तेवढं जुनं, आत काचेची इमारत. आठव्या मजल्यावर आम्ही बसायचो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. त्या भागात अशा काचेच्या इमारती बऱ्याच आहेत आणि आतून सगळ्या सारख्याच दिसतात.

एके दिवशी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही मराठीत लिहिता ना? आपल्या न्यूजलेटरचं तिसरं पान आता मराठीत करायचंय. तुम्ही संपादक." पगारात वाढ नाही, पण पद मिळालं. न्यूजलेटर म्हणजे ए-थ्री कागद मधून दुमडला की होतात ती चार पानं. पहिल्या पानावर मोठ्या साहेबांचा फोटो, दुसऱ्यावर नवीन आलेल्यांची नावं, चौथ्यावर वाढदिवस. तिसरं माझं. काम एवढंच, की वर एक छोटी चिठ्ठी लिहायची, लोकांना लिहायला सांगायचं आणि जे येईल ते खाली छापायचं. जाता जाता मॅडम म्हणाल्या, "टोन लाईट ठेवा हं. हलकंफुलकं."

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. त्या चिठ्ठीनं पुढं वर्षभर छळलं.

पहिली चिठ्ठी मी शाळेच्या वार्षिक अंकासारखी लिहिली. 'आपल्यातील सुप्त कलागुणांना वाव मिळावा या उद्देशाने' अशी सुरुवात, मग 'कथा, कविता, प्रवासवर्णन, अनुभव, विनोद, पाककृती असे कोणतेही दर्जेदार साहित्य पाठवावे' आणि शेवटी 'उत्स्फूर्त प्रतिसादाची अपेक्षा'. आज वाचताना लाज वाटते. तेव्हा वाटलं होतं, संपादक असाच लिहितो.

पंधरा दिवसांत दोन मजकूर आले. एक कविता होती, जी मी स्वतः आदल्या महिन्यात तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर वाचली होती. खाली पाठवणाऱ्याचं नाव. दुसरी वांग्याच्या भरताची कृती, तीही कुठल्याशा मासिकातून जशीच्या तशी. शिवाय स्टोअरमधून एक फोन आला. तिथल्या गृहस्थांनी खरोखर गंभीरपणे विचारलं, "सर, साहित्य पाठवा म्हणून नोटीस आलीय. कुठलं साहित्य? स्टेशनरी की हाऊसकीपिंगचं?"

त्या फोनवर मी ऑफिसात सगळ्यांना हसवलं. घरी जाताना मात्र लक्षात आलं, की चूक त्यांची नव्हती. दिवसभर सामान मोजणाऱ्या माणसाला 'साहित्य' या शब्दाचा तोच अर्थ असणार. मीच कुणाशी बोलतोय हे न बघता लिहिलं होतं. आणि 'दर्जेदार' हा शब्द तर दारावर कुत्र्यापासून सावध राहा लिहावं तसा होता. ज्याला थोडंफार लिहावंसं वाटत होतं तोही त्या शब्दापाशी थांबला असणार. कॉपी केलेला मजकूर का येतो याचंही उत्तर त्यातच आहे. दर्जा मागितला की माणूस तो स्वतःकडे शोधत नाही, बाहेरून आणून देतो.

दुसऱ्या अंकाला मी ठरवलं, आता खरंच हलकंफुलकं लिहायचं. त्या जुलैत लोअर परळ स्टेशनालगतचा डिलाईल रोडचा पूल वाहतुकीला बंद केला होता. अंधेरीच्या पुलाचा भाग कोसळल्यावर शहरातल्या पुलांची तपासणी झाली आणि हा पूल धोकादायक निघाला. सगळी वाहनं वळवलेली. स्टेशनातून बाहेर पडून ऑफिसला पोचेपर्यंत माणूस घामानं भिजायचा. सगळ्यांना उशीर व्हायचा. मला वाटलं, हा विषय सगळ्यांचा आहे, यावर थोडी गंमत करू. लिहिलं, 'पूल बंद झाल्यापासून आपल्या ऑफिसात कल्पनाशक्तीला बहर आला आहे. उशिराची इतकी नवनवीन कारणं ऐकायला मिळतात, की त्यांचा एक विशेषांक निघेल. तुमचं कारण आम्हाला लिहून पाठवा.'

मॅडमना आवडलं. मोठे साहेबही हसले म्हणे.

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी अकाउंट्समधल्या एक ताई माझ्या टेबलापाशी आल्या. कल्याणहून यायच्या. हातात अंक होता. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मागच्या महिन्यात माझे तीन लेट मार्क झाले, अर्ध्या दिवसाचा पगार गेला. मी कारण दिलं होतं. खरं होतं ते." मी काहीतरी सारवासारव केली. त्या म्हणाल्या, "नाही, तुम्ही गंमत केलीत, कळलं मला." आणि गेल्या. त्या अंकासाठी एकही मजकूर आला नाही. एकही नाही. कारण मी ज्याला गंमत म्हणत होतो ती कंपनीच्या बाजूला उभं राहून केलेली होती. उशिरा येणाऱ्यावर साहेबानं हसणं वेगळं आणि उशिरा येणाऱ्यानं स्वतःवर हसणं वेगळं. चिठ्ठीखाली 'संपादक' लिहिलेलं असतं आणि ती कंपनीच्या कागदावर छापलेली असते. म्हणजे वाचणाऱ्याला ती साहेबाचीच वाटते, तुम्ही मनातून कितीही कारकून असा.

मला हलकं लिहिणं म्हणजे काय हे शिकवलं ते मात्र रस्त्यावरच्या एका फळ्यानं.

डिलाईल रोडला ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना हे फळे माहीत असतील. चाळींच्या तोंडाशी, मंडळाच्या शेडखाली, काळा रंग दिलेला लाकडी फळा. वर मंडळाचं नाव ऑइलपेंटनं, खाली खडूनं रोजचा मजकूर. मयताची बातमी, रक्तदान शिबिर, दहावीत पास झालेल्यांची नावं, पाण्याची वेळ. बीडीडी चाळींतल्या खोल्या जेमतेम १६० चौरस फुटांच्या, त्यामुळं तिथं माणसाचं निम्मं आयुष्य बाहेरच असतं आणि या फळ्यांना वाचक कमी पडत नाहीत. माझ्या वाटेवरच्या फळ्यावर लिहिणारे एक वयस्कर गृहस्थ होते. अक्षर वळणदार. एकदा त्यांनी लिहिलं होतं: 'उद्या पाणी सकाळी फक्त अर्धा तास. ज्यांना गाणी म्हणत अंघोळ करायची सवय आहे (यात मीही आलो) त्यांनी आज रात्रीच उरकून घ्यावी.'

मी तिथं उभा राहून हसलो. मग दुसऱ्यांदा वाचलं. यात सूचना पूर्ण आहे. किती वेळ पाणी, कधी, काय करायचं, सगळं आलं. गंमत आहे ती कंसातल्या तीन शब्दांमुळं. ते तीन शब्द काढले तर हाच मजकूर शेजाऱ्याला मारलेला टोमणा होतो.

गणपतीच्या आधी त्याच फळ्यावर स्मरणिकेसाठी आवाहन आलं. 'चाळीतल्या जुन्या आठवणी हव्यात. लिहिता येत नसेल तर संध्याकाळी सातनंतर शेडमध्ये येऊन सांगा, मी लिहून घेईन. चहा तुमचा.' बास. मी तो मजकूर मोबाइलमध्ये टिपून घेतला.

तिसऱ्या अंकाची चिठ्ठी लिहायला मी आधी हिशोब केला, जो पहिल्यांदाच करायला हवा होता. माझ्या पानावर चित्र आणि मथळा सोडून साडेतीनशे-चारशे शब्द बसायचे. एक लेख घेतला तर एकाच माणसाचं पान. आठ ओळींचा मजकूर म्हणजे साधारण सत्तर शब्द, म्हणजे एका पानावर पाच माणसं. शिवाय आठ ओळी कुणालाही घाबरवत नाहीत. विषय मी एकच दिला. अनेक विषय दिले की माणूस निवडत बसतो आणि निवडता निवडता तारीख उलटते. चिठ्ठी अशी झाली:

'मी सोलापूरचा. मुंबईत येऊन सहा वर्षं झाली, तरी लोअर परळला कुठल्या बाजूला उतरायचं हे अजून चुकतं. आज सकाळीही चुकलो. त्या नादात एक उसाचा गाडा दिसला जो मी कधी पाहिला नव्हता. ऑफिसला येताना तुम्हाला रोज दिसणारी एक गोष्ट आम्हाला सांगा. आठ ओळी पुरेत, कमी असतील तर आणखी छान. शुद्धलेखन मी बघून घेईन, माझंही कुणीतरी बघतंच. कागदावर लिहून आठव्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा, मोबाइलवर पाठवा किंवा दुपारच्या चहाला येऊन नुसतं सांगा, मी लिहून घेतो. नाव नको असेल तर नाव छापणार नाही. छापण्याआधी तुम्हाला दाखवीन. शुक्रवार, संध्याकाळी चारपर्यंत.'

आणि एक गोष्ट चिठ्ठीबाहेर केली. तीन जणांना आधी गाठून त्यांच्याकडून मजकूर घेतला आणि त्यातला एक नमुना म्हणून चिठ्ठीसोबतच फिरवला. मोकळ्या मैदानात पहिलं कुणी नाचत नाही. त्या अकाउंट्सच्या ताईंकडंही गेलो, माफी मागितली. त्यांनी लगेच काही दिलं नाही. पण गुरुवारी टेबलावर एक घडी घातलेला कागद सापडला. कल्याणच्या गाडीत रोज समोर बसणारी, लोकर विणणारी एक बाई. कोणाचं स्वेटर आहे हे विचारायचं दोन वर्षं मनात आहे, एवढंच लिहिलं होतं. सहा ओळी.

शुक्रवारपर्यंत एकोणीस मजकूर जमले. उतरवलेला एकही नव्हता. लोकर विणणारी बाई इंटरनेटवर कुठून मिळणार?

(एक कंस माझाही. मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की ईदच्या अंकाला शीरखुर्म्याची कृती तुम्ही द्यायची. दरवर्षी, दर ऑफिसात हे होतं. मला स्वयंपाक येत नाही. अम्मीला फोन करून विचारतो आणि देतो. तक्रार नाही, पण एखाद्याकडून काय यावं हे आधीच ठरवून मागितलं की तेवढंच येतं, हे मला त्या कृतीमुळं आधीपासून ठाऊक होतं. तरी पहिल्या चिठ्ठीत मी तेच केलं.)

एकोणिसातला एक मजकूर बोलून आला होता. आमच्या मजल्यावर चहा देणारे काका. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली होती, कप ठेवता ठेवता त्यांनी वाचली. म्हणाले, "साहेब, हे आमच्यासाठीपण आहे काय?" मी म्हटलं, "हो, मग? बोला तुम्ही, मी लिहितो." ते पॅन्ट्रीच्या दारात उभं राहून बोलत गेले. मी लिहिलं ते असं:

'माझे वडील याच आवारात साचे चालवायचे. आता कॅन्टीन आहे तिथं त्यांचं खातं होतं. मी शाळेतून येऊन त्यांचा डबा गेटपर्यंत आणायचो, आत सोडत नव्हते. आता मला कार्ड आहे, सोडतात. संपानंतर वडील एकदाच आत आले, हिशेब घ्यायला. आमची आई गिरणीच्या भोंग्यावर भात टाकायची. भोंगा बंद झाल्यावर ती घड्याळाकडं बघायला शिकली, पण बरेच दिवस भाताला उशीर व्हायचा. आम्ही भावंडं म्हणायचो, आई लेट मार्क.'

मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शेवटचं बरं झालंय." माझ्या चिठ्ठीपेक्षा हे हलकंही होतं आणि त्यात गिरणीही होती. संप म्हणजे १८ जानेवारी १९८२ चा, दत्ता सामंतांचा. त्या भागात संप म्हटलं की साल सांगावं लागत नाही. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही.

मॅडमनी पान वाचलं. दोन गोष्टी म्हणाल्या. एक, काका कंत्राटदाराचे आहेत, आपले एम्प्लॉयी नाहीत आणि हे इंटर्नल न्यूजलेटर आहे. दुसरी, ती हिशेबाची ओळ जरा जड आहे. "आपण लाईट म्हटलं होतं ना?"

पहिल्यावर मी भांडलो. आठव्या मजल्यावर आतलं कोण हे चहावरून ठरवू, असं काहीतरी बोललो. त्या वैतागल्या, पण मजकूर राहिला. दुसऱ्यावर मी नमतं घेतलं. दमलो होतो, रात्रीचे आठ वाजले होते, छापखान्याचा माणूस खाली थांबला होता. ओळ काढली. तिथं रिकामी जागा राहिली म्हणून डिझायनरनं वाफाळत्या कपाचं चित्र टाकलं.

हे सगळं मला फार विशेष वाटलं नसतं, जर त्याच सुमारास मी 'लोवेल ऑफरिंग'विषयी वाचलं नसतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लोवेल नावाचं गाव आहे, कापड गिरण्यांचं. आपल्या सोलापूर-परळसारखं. तिथल्या गिरण्यांत काम करणाऱ्या मुलींनी १८४० मध्ये स्वतःच्या लेखनाचं एक मासिक सुरू केलं. त्याची सुरुवात एका पाद्र्यानं भरवलेल्या वाचन-लेखनाच्या मंडळातून झाली. पुढं त्या मुलींमधल्याच दोघी संपादक झाल्या, त्यातली एक हॅरियट फार्ली. मासिक इतकं गाजलं की चार्ल्स डिकन्स १८४२ साली लोवेलला गेला तेव्हा त्याची चारशे पानं वाचून काढली आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याचं कौतुक केलं. त्यात निसर्ग होता, घरची आठवण होती, थट्टा होती. बारा-तेरा तासांच्या पाळीबद्दल, कमी झालेल्या मजुरीबद्दल मात्र फारसं काही नसे. १८४५ मध्ये सारा बॅगली नावाच्या गिरणीतल्याच कामगार बाईनं भर सभेत आरोप केला, की मी असं लिहिलेलं तुम्ही छापत नाही. फार्लींनी तो नाकारला. वाद वाढला आणि त्याच वर्षाअखेर मासिक बंद पडलं. बॅगली कामगारांच्या वेगळ्या पत्रात लिहू लागल्या.

वेगळं पत्र हा मार्ग आपल्याकडंही होताच. गिरणीत स्टोअरकीपर राहिलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईतून 'दीनबंधु' चालवला तो असाच. त्यात कामगारांची गाऱ्हाणी यायची, रविवारच्या सुटीची मागणी यायची, आणि ती सुटी १० जून १८९० रोजी मिळालीही. पण दीनबंधुला कुणी 'लाईट ठेवा' म्हणणारं नव्हतं. मालकाच्या कागदावर छापायचं तर मर्यादा येणार, हे मला कळतं. फार्लींबद्दल मला राग येत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याची जागा अवघडच असते. पण मला एक दिसलं, की बॅगलीसारखं कुणी माझ्यासमोर उभं राहून आरोप करायची गरजच नव्हती. ओळ मी काढली होती आणि ते फक्त मला, मॅडमना आणि काकांना माहीत होतं.

काकांनी अंक बघितला. पाच प्रती मागून घेतल्या. दुपारी कप ठेवताना म्हणाले, "एक ओळ गळाली वाटतं."

मी म्हणालो, "जागा नव्हती हो काका."

त्यांनी पानावरच्या कपाच्या चित्राकडं बघितलं, काही बोलले नाहीत. छापण्याआधी दाखवीन असं माझ्याच चिठ्ठीत लिहिलं होतं, आणि ओळ काढल्यावर मी दाखवलं नव्हतं.

पुढच्या अंकाची चिठ्ठी लिहायला बसलो तेव्हा दोन दिवस काहीच सुचेना. मग पुन्हा फळ्याची आठवण झाली. गणपतीच्या दिवसांत तिथं एकदा उत्तीर्ण झालेल्या एका मुलीचं नाव चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी खडूनं आलं होतं: 'काल लिहिणाऱ्याचा चष्मा घरी राहिला होता. योग्य नाव असे.' आणि पुढं मोठ्या अक्षरात तिचं नाव. कालच्यापेक्षा मोठ्या.

मी चिठ्ठी अशी सुरू केली: 'मागच्या अंकात संपादकाच्या हातून चहा सांडला आणि आठव्या मजल्यावरच्या मजकुरातली एक ओळ पुसली गेली. ती अशी: संपानंतर वडील एकदाच आत आले, हिशेब घ्यायला. ती आठपैकी पाचवी समजून वाचावी. संपादक यापुढे कप दूर ठेवील.' पुढं नेहमीसारखं आवाहन. विषय, 'आपल्या डब्यातला न आवडणारा पदार्थ'. सहा ओळी, मंगळवारपर्यंत.

मॅडमनी पान मंजूर केलं. मला वाटतं त्यांनी चिठ्ठी वाचलीच नाही, कारण संपादकाची चिठ्ठी सहसा कुणी वाचत नाही, खालचे मजकूर वाचतात. किंवा वाचली असेल आणि सोडून दिली असेल. मी विचारलं नाही. त्या वाईट नव्हत्या.

आठवडाभरानं पॅन्ट्रीत पाणी घ्यायला गेलो. साखर-चहापत्तीच्या कपाटाचं दार उघडं होतं. दाराच्या आतल्या बाजूला जुन्या अंकातलं ते पान चिकटवलेलं होतं, आणि नव्या अंकातली ती एक ओळ कात्रीनं कापून त्यावर सेलोटेपनं लावली होती. पाचव्या जागी नाही. तिथं जागाच नव्हती. अगदी शेवटी, आई लेट मार्कच्या खाली, कपाच्या चित्रावर. मी पाण्याचा ग्लास हातात धरून पूर्ण मजकूर पुन्हा वाचला. तिथंच ती बरी बसत होती.